अर्ध्या ओव्यांचे जाते

“मूठभरच घाल. आणि रिकामं कधी फिरवू नकोस, दगड दगडाला खातो.”

हे शब्द थोरलीच्या सासूचे. मित्रांनो, मी एक जुने जाते आहे. थोरली या घरात मोठी सून म्हणून नवी आली, तेव्हा सासूने तिला माझ्यासमोर बसवून एवढेच सांगितले होते. बाकीचे माझ्या घरघरीने शिकवले.

पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले, माझ्या दोन्ही तळ्यांना, म्हणजे गोल दगडांना, टाकीचे घाव दिले. खालची तळी स्थिर, वरची फिरती. तोंडात दाणे, कडेने पीठ. पुढे धाकटी जाऊ आली. दोघी पहाटे समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला दोघींचे हात. पहिली ओवी देवाची. मग अर्धा फेरा हिच्याकडे, अर्धा तिच्याकडे, आणि ओळीही तशाच. थोरली गाई,

‘डोळ्यांमधी पाणी माझ्या, हाती जात्याचा गं खुंटा’

की धाकटी पुरी करी,

‘रडू नको जाऊबाई, दे गं मला अर्धा वाटा’

भाऊ माहेरी न्यायला आला नाही, अंगात ताप होता तरी दळण सुटले नाही. तोंडावर बोलायची सोय नव्हती ते सारे ओवीत बोलता येई. सासू आतून ऐके. “आज पीठ खारट झालंय वाटतं,” एवढेच म्हणे, आणि त्या दिवशी पाणी स्वतः भरून आणी.

पुढे सासू गेली. भावाभावांचे पटेना, चुली वेगळ्या झाल्या. शेवटच्या दळणाला थोरलीने ओळ काढली,

‘उद्या दोन चुली बाई, आज एका खुंट्या दोन हात’

धाकटीने ती पुरी केली. थोरली म्हणाली, “पुन्हा दळायला बसेन, तेव्हा तुला हाक मारीन.”

पण गिरणीचे पीठ आले. माझ्यावर डबे चढले. धाकटी दोनच गल्ल्या पलीकडे, तरी हाक राहूनच गेली.

परवा थोरलीची नात ओव्या लिहून घ्यायला वही घेऊन आली. खुर्चीत बसून आजीला एकही ओवी आठवेना. “अगं, त्या हाताला पाठ आहेत, तोंडाला नाहीत.” मग डबे उतरले. थोरलीने मला पुसले, नमस्कार केला, मूठभर दाणे घातले. खुंटा फिरला तशा ओळी सुटू लागल्या. नात लिहीत होती. मध्येच थांबून ती म्हणाली, “आजी, सगळ्या अर्ध्याच आहेत गं.”

थोरलीचा हात थांबला. “उरलेल्या धाकटीकडे आहेत.”

मित्रांनो, मला त्या साऱ्या ठाऊक आहेत, पण दगडाला गळा कुठला? माझे एवढेच मागणे आहे. जुने जाते पुसून ठेवा, पण त्यापुढे बसणारे माणूस आधी जपा.

थोरलीने दाणे माझ्या तोंडात तसेच राहू दिले. समोरची जागा झाडली, तिथे दुसरा पाट मांडला. मग पदराला हात पुसून, पायात चपला सरकवून, ती दोन गल्ल्या पलीकडे निघाली.