रंगुबाईची हाळी

जतहून एसटीनं आलेले हरिबा सांगलीतल्या मोबाइलच्या दुकानात शिरले, तेव्हा काउंटरवरची स्वप्नाली सकाळपासून गिऱ्हाइकांना तेच ते समजावून थकली होती. मेंढरांना पाणी पाजताना हरिबांचा फोन डोणीत पडला होता.

"जादाची वॉरंटी घेतल्या की म्या," ते म्हणाले.

"आजोबा, वॉरंटी म्हंजे फोन आपणहून बिघडला तर दुरुस्ती. पाण्यात पडला, फुटला, तर विमा लागतो. तो तुमी घेतला न्हाई."

"मग आपोआप बंद पडला म्हन की, पोरी."

"आवं, आत पट्टी असती. पाणी लागलं की लाल होती. क्लेम नाकारत्यात."

हरिबा मटकन स्टुलावर बसले. "फोनचं ऱ्हाऊ दे. त्यात आमच्या कारभारनीची, रंगुबाईची हाळी हाय. ती गेली, पर हाळी वाजवली की मेंढरं अजून माघारी वळत्यात."

आतलं रेकॉर्डिंग विम्यानंही भरून मिळालं नसतं, पण स्वप्नालीला ते बोलवेना. "समोरच्या कारागिरानं फोन उघडला, तर उरलेली वॉरंटीबी जाईल," ती एवढंच म्हणाली.

"जाऊ दे."

ती त्यांच्याबरोबर गेली. कारागिरानं फोन खोलून वाळवला. फोन थोडा वेळ जागा झाला, तेवढ्यात हाळी मेमरी कार्डावर उतरली, आणि तो कायमचा बंद पडला. हरिबांनी कार्ड पटक्याच्या टोकात गाठ मारून बांधलं.

स्वप्नाली परतली, तर काउंटरवर एकजण फुटलेली काच घेऊन उभा होता. "वॉरंटी हाय माझी," तो म्हणाला.

ती घोटभर पाणी प्यायली आणि तिनं पहिल्यापासून सांगायला घेतलं.