कडेचे एकशे दहा ग्रॅम

आक्कांचा हात म्हणजे काटा, असं पिझ्झाच्या त्या दुकानात सगळेच म्हणायचे, आणि आक्काही ते खुशाल म्हणू द्यायच्या. नाही कशाला म्हणतील? एकोणीस वर्षं रोज पहाटे मैदा मळायचा, तो फुगू द्यायचा, मग तोडून गोळे करायचे. पंचवीस सेंटीमीटरच्या पॅनला अडीचशे ग्रॅमचा गोळा. त्या गोळा तोडायच्या, काट्यावर टाकायच्या आणि काटा बघायच्या आधीच पुढचा तोडायला घ्यायच्या. फरक पडला तर दोन-चार ग्रॅमचा. कुणाला जाड पिझ्झा हवा असला तर दीडपट पीठ, पावणेचारशे. त्यात चुकायचं काय?

दुकान त्यांच्या धाकट्या भावाचं. वय सत्तेचाळीस, पोट सुटलेलं, गिऱ्हाइकांशी अदबीने बोलणारा मालक. पण आक्कांच्या तोंडी तो अजून बाळ्याच. तिसरा माणूस भट्टीपाशी उभा असायचा. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. बारा वर्षांत मास्तरांनी कधी घड्याळ लावलं नाही. भट्टीच्या दारातून आत बघायचे, नाकाने एक वास घ्यायचे, आणि पिझ्झा बाहेर. खालून तपकिरी, आतून मऊ, वर चीजला डाग पडलेले. बोलणं मात्र कमी. दिवसातून आठ वाक्यं बोलले तर सणच म्हणायचा.

तर महिन्यापूर्वी बाळ्याने जुने पॅन काढले. वाकडे झाले होते, खरं आहे. नवे आणले ते तीस सेंटीमीटरचे. "लोकांना मोठा पिझ्झा हवा असतो, आक्का," असं म्हणून त्याने जुन्यांतले चार पॅन कोठीत ठेवले, बाकीचे भंगारात दिले.

आक्कांनी तिथल्या तिथे हिशेब केला. पंचवीसचे तीस झाले, म्हणजे एक पंचमांश वाढ. अडीचशेला एक पंचमांश म्हणजे पन्नास. तीनशे ग्रॅम. जाडी दीडपट तर पीठ दीडपट, तसंच पॅन एक पंचमांशाने वाढला तर पीठही तेवढंच. इतका सरळ हिशेब की कागदसुद्धा घ्यावा लागला नाही. बाळ्याने विचारलं, "नक्की ना?" तर आक्का म्हणाल्या, "तू गल्ला बघ."

आणि पिझ्झा बिघडायला लागला.

खालचा थर पुठ्ठ्यासारखा कडक यायचा. मधोमध सॉस मुरून थर चिकट व्हायचा आणि तुकडा उचलला की त्याची मान पडायची. मास्तरांनी पिझ्झा लवकर काढून पाहिला. थर मऊ राहिला तर चीज पांढरंफटक. भट्टीची आच कमी करून पाहिली, वाढवून पाहिली. काही केल्या जमेना. एका गिऱ्हाइकाने तर डबा परत आणून टेबलावर ठेवला आणि काही न बोलता निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाळ्या आधी मैद्याला बोलला, मग चीजला बोलला, आणि शेवटी नजर जिथे जायची तिथेच गेली. "मास्तरांचं लक्ष नाही," तो आक्कांना म्हणाला. "वय झालं, आक्का. दोष देत नाही मी. पण दुकान चालवायचंय."

आक्कांनाही तसंच वाटत होतं, हे सांगायला हवं. पीठ तर तेच, हात तोच. मग उरलं कोण?

मास्तर स्वतः काय म्हणाले? काहीच नाही. एकदा आक्कांनीच भीत भीत विचारलं, "मास्तर, पिठात काही कमीजास्त वाटतं का हो?" तर ते दचकून म्हणाले, "छे छे, आक्का. तुमच्या पिठाला नावं ठेवली तर माझी जीभ झडेल." आणि पुन्हा भट्टीत वाकून बघायला लागले, डोळे बारीक करून.

शुक्रवारी दुपारी बाळ्याने सांगून टाकलं की उद्या सकाळी दुसरा भट्टीवाला येतोय. मास्तरांचं काम आज संध्याकाळपर्यंतच. मास्तर "बरं" म्हणाले. एवढंच. वाद घातला असता तर बाळ्याला सोपं गेलं असतं; आता तो उगाचच पंखे पुसत बसला.

चारच्या सुमारास समोरच्या टेलरबाई आल्या. ठणठणीत आवाजाची बाई. "मला तुमचा तो अवाढव्य पिझ्झा नको हं. मी एकटी खाणारी. जुना आहे का, लहान?" बाळ्या नाही म्हणणार होता, पण आक्कांनी कोठीतून जुना पॅन आणला, धुतला, तेल लावलं आणि अडीचशेचा गोळा तोडून त्यात पसरला. थोडा वेळ फुगू दिला आणि मास्तरांच्या हातात दिला.

मास्तरांनी तो भट्टीत घातला, बघितलं, वास घेतला, काढला.

टेलरबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "हे बघा! आता कसं! मधे महिनाभर काय झालं होतं तुम्हाला?"

"योगायोग," बाळ्या हळूच म्हणाला. पण आक्का त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. खालून तपकिरी, आतून मऊ. भट्टी तीच. मैदा सकाळचाच, त्याच परातीतला. मास्तर तेच, त्यांचे डोळे तेच. बदलला तो फक्त पॅन. आणि पॅनबरोबर काय बदललं होतं?

त्या आत गेल्या आणि मागचं दार लोटून घेतलं. मोठा गोळा घेऊन ओट्यावर लाटला. पीठ आखडतं, म्हणून जरा झाकून ठेवलं, पुन्हा लाटलं. त्यावर नवा पॅन पालथा घालून सुरीने कडेकडेने कापलं. मग त्या चकतीच्या मधोमध जुना पॅन ठेवला आणि त्याच्या कडेने कापलं. आतली चकती काट्यावर टाकली: दोनशे सत्तर. जाड झालं होतं. सगळं गोळा केलं, झाकलं, पुन्हा लाटलं. या वेळी आतली चकती बरोबर अडीचशे भरली, म्हणजे जाडी एकोणीस वर्षांची जशी होती तशी.

आता ओट्यावर उरली होती ती बाहेरची कड. जेमतेम अडीच सेंटीमीटर रुंदीची, बांगडीसारखी. ही एवढीशी कड. हिच्यासाठी आक्कांनी पन्नास ग्रॅम दिले होते. त्यांनी ती गोळा करून काट्यावर टाकली.

एकशे दहा.

आक्कांनी काटा शून्यावर आणला आणि परत वजन केलं. एकशे दहाच. कड रुंदीला कमी, पण ती पॅनच्या चारी बाजूंनी फिरते. पॅन आडवा वाढतो तसाच उभाही वाढतो. पाचाचे सहा इकडून आणि पाचाचे सहा तिकडून. म्हणजे पाच गुणिले पाच, पंचवीस होते तिथे सहा गुणिले सहा, छत्तीस. अडीचशेचे तीनशे साठ! जाडी वाढली तर पीठ फक्त एका दिशेने वाढतं, म्हणून तिथे त्यांचा हिशेब कधी चुकला नव्हता. इथे त्यांनी महिनाभर रोज प्रत्येक गोळ्यातून साठ ग्रॅम खाल्ले होते. साडेतीनशेच्या वर पीठ हवं तिथे तीनशेत पॅन भरायचा म्हणून त्यांनी ते ताणलं होतं, त्यावर सॉस मात्र पूर्ण पॅनभर. कोणता भट्टीवाला ते भाजून दाखवणार होता? देवही आला असता तरी पुठ्ठाच काढला असता.

आता खरी गंमत बघा. या गोष्टीवर गप्प बसणं किती सोपं होतं! उद्यापासून तीनशे साठचे गोळे करायचे, बस. नवा माणूस येईल, पिझ्झा फर्मास निघेल, बाळ्या म्हणेल, "बघितलंस, आक्का?" आक्कांचा हात काटाच राहील. कुणाला काही कळणार नाही. आक्कांच्या मनात हे आलं, आणि आलं त्याची त्यांना इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

त्यांनी तीनशे साठचा गोळा केला, नव्या पॅनमध्ये पसरला, फुगू दिला आणि पॅन घेऊन बाहेर आल्या. मास्तर ॲप्रनची घडी घालत होते.

"मास्तर, एक शेवटचा," आक्का म्हणाल्या. "बाळ्या, तू पण इथे उभा राहा."

मास्तरांनी घडी मोडली नाही, ॲप्रन तसाच खांद्यावर टाकला. पिझ्झा आत गेला. मास्तर वाकले, डोळे बारीक केले, वास घेतला, आणि नेहमीसारखं "हं" म्हणून काढला. बाळ्याने तुकडा उचलला. तुकड्याची मान ताठ. खाल्ला, आणखी एक खाल्ला, आणि म्हणाला, "हे... हे कसं काय?"

"चूक माझी होती," आक्का म्हणाल्या. "पीठ कमी घालत होते मी. प्रत्येक गोळ्यात साठ ग्रॅम. मास्तरांचं काहीच चुकलं नव्हतं. उद्याच्या माणसाला फोन कर आणि नको म्हणून सांग. आत्ता कर, माझ्यासमोर."

"तू? तुझा हात?"

"हात बरोबर होता. डोकं चुकलं. लाव फोन."

बाळ्याने मास्तरांकडे बघितलं आणि फोन घेऊन बाहेर गेला. माफी मागायला त्याला अर्धा तास लागेल, हे आक्कांना माहीत होतं.

मास्तर मात्र उभेच राहिले. मग पिठाच्या पोत्यावर बसले. "आक्का," ते म्हणाले, "म्हणजे माझे डोळे ठीक आहेत?"

"ठणठणीत आहेत."

"आणि नाक?"

"नाकही. मास्तर, मला माफ करा. तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं हो, की पीठ पातळ पसरतंय."

"दिसत होतं मला," मास्तर म्हणाले. "पण पीठ तुमचं होतं. म्हटलं, दिसतंय तेच चुकीचं असणार." ते स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. "घरी आठवड्यापूर्वीच सांगून बसलोय मी. बायकोला म्हटलं, संपलं माझं, आता काही दिसत नाही मला. तिने ओळखीत कामं विचारायला सुरुवात केलीय. रात्रपाळीची, स्वतःसाठी. आता मी जाऊन म्हटलं की माझी चूक नव्हती, तर तिला वाटेल मनाची समजूत घालतोय."

आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. हात धुतले, पायांत चपला घातल्या.

"चला," त्या म्हणाल्या.

मास्तरांचं घर तीन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. जिने चढताना आक्कांना दोनदा थांबावं लागलं. दार मास्तरांच्या बायकोने उघडलं. हातात नोकरीचा अर्धवट भरलेला अर्ज होता, पेन तसंच बोटांत. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग आक्कांकडे, आणि तिला वाटलं मालकीण हिशेब मिटवायला आली आहे. ती बाजूला सरली.

आक्का उंबऱ्याच्या आत गेल्या नाहीत.

"बाई, मी दुकानातली पीठवाली," त्या म्हणाल्या. "तुमच्या नवऱ्याला सगळं नीट दिसतं. मला दिसत नव्हतं."