सकाळचा तुझा, दुपारचा माझा

परीक्षेचं वेळापत्रक हातात पडलं आणि थोरल्या जावेने ते दोनदा वाचलं. हिशेबाचा पेपर सकाळी, अर्थशास्त्राचा दुपारी, आणि तारीख एकच. नोकऱ्या आणि घर सांभाळून दोघी जावा बाहेरून पदवीची परीक्षा देत होत्या. सुट्टीही जेमतेम मिळणार होती.

धाकटीने मात्र चुटकीसरशी तोड काढली. "ताई, वाटून घेऊ या की. हिशेब तुझ्या हातचा मळ. तो तू कर आणि मला शिकव. अर्थशास्त्र मी वाचते, तुला शिकवते. दोघींचे कष्ट निम्मे!"

थोरलीला ते पटलं, पण चैन पडेना. आदल्या दिवशी सकाळचाच पेपर डोक्यात ताजा हवा, म्हणजे दुपारचं त्याच्याआधीच हातावेगळं व्हायला हवं, हे तिला कळत होतं. म्हणून तिने अट घातली, "तुझं अर्थशास्त्र आधी संपवायचं. शेवटचा दिवस माझ्या हिशेबाचा."

"बरं बाई, हेडमास्तर!" धाकटी हसली.

त्या हसण्यानेच थोरलीचा जीव टांगणीला लागला. ही आज वाचतेय की नुसती मोबाईल बघतेय? भाजी चिरता चिरता ती धाकटीच्या खोलीत डोकावायची. "मागणीची लवचिकता झाली?" "झाली." "आकृती काढून दाखव." धाकटी काढून दाखवायची, तरी थोरलीच्या मनातली पाल चुकचुकायचीच. घसाऱ्याचं गणित सोडवताना मध्येच तिला चलनवाढीची कारणं आठवायची. ती आठवेनाशी झाली की हिशेबाची वही मिटून अर्थशास्त्र उघडायचं, आणि ते उघडलं की घसारा राहिला म्हणून हळहळायचं. धड हे नाही, धड ते नाही.

"तुम्हां दोघींपेक्षा मीच परीक्षेला बसते," सासूबाई वैतागून म्हणाल्या, "निदान घरात शांतता तरी राहील!"

धाकटीने मात्र शब्द पाळला. आपले धडे तिने वेळेत शिकवले, आणि प्रत्येक धड्यानंतर थोरलीकडून ते तोंडी वदवून घेतले. शेवटच्या दिवशी थोरलीची पाळी आली. वेळ थोडा, गणितं ढीगभर. ती भराभर सोडवत गेली. हे इकडे नावे, ते तिकडे जमा, हा शिल्लक माल, जुळला ताळेबंद! धाकटी शेजारी मान डोलवत होती.

"समजलं ना?"

"समजलं की. तू सोडवलंस की सगळं सोपं वाटतं."

एक गणित तिला स्वतःला करायला द्यावं, असं थोरलीच्या मनात आलं. पण ही अडखळणार, वेळ जाणार. पुढचं गणित तिने स्वतःच सोडवलं.

सकाळचा पेपर संपला. आवारातल्या पायऱ्यांवर धाकटी आली ती पांढरीफटक पडून.

"ताई, ताळेबंद जुळलाच नाही. खोडून खोडून कागद फाटायची वेळ आली. तू करताना सगळं कळत होतं गं, आणि हातात पेन आलं तर सुरुवात कुठून करायची तेच सुचेना." तिने प्रश्नपत्रिका पुढे केली. "सांग ना, घसारा कुठे धरायचा होता?"

थोरलीने प्रश्नपत्रिका हातात घेतली. इतके दिवस ही आपल्याला बुडवणार म्हणून ती हिच्या मागे हात धुऊन लागली होती, आणि बुडवलं होतं तिने स्वतःच. पोहणं काठावरून दाखवून भागतं का? उत्तर सांगायला तिची जीभ शिवशिवत होती. पण ते सांगून आता काय उपयोग? दुपारचाही पेपर हातचा जाईल.

तिने प्रश्नपत्रिका घडी करून पर्समध्ये टाकली. "तो पेपर झाला. चूक माझी आहे, त्यावरून घरी गेल्यावर भांड. आता केळं खा आणि मला चलनवाढ विचार."

"मला काही आठवत नाही."

"नवं काही वाचायचं नाही. तूच शिकवलेलं तूच विचार."

धाकटीने डोळे पुसले. पहिला प्रश्न तिने कसाबसा विचारला, पण थोरलीने मुद्दामच एक कारण चुकीचं सांगितलं तशी ती उसळली, "छे, ते नाही गं!" मग गाडी रुळावर आली.

निकाल लागला. अर्थशास्त्रात दोघी सुटल्या, धाकटीला तर थोरलीपेक्षा जास्त गुण होते. हिशेबात थोरली पास झाली आणि धाकटीचा पेपर राहिला.

पुढच्या खेपेसाठी धाकटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकटीच गणितं सोडवायला बसू लागली. थोरली मागे कणीक मळत असायची. शिल्लक माल चुकीच्या बाजूला गेला की तिचा हात पिठात तसाच थबकायचा.

"ताई, बोलू नकोस हं," धाकटी मान वर न करता म्हणायची, "मला माहितेय काहीतरी चुकलंय. शोधतेय मी."

थोरली ओठ घट्ट मिटायची आणि कणीक जरा जास्तच तिंबायची.