कॅल्शियमची डबी

समुपदेशक बाईंपुढचा कागद वरच्या ऑफिसातल्या कुणा हुशार माणसानं लिहिला होता. त्यात रुग्ण सगळं समजून घेई, मान डोलावी आणि सही करी. एचआयव्ही निघालाय हे तीन दिवसांपूर्वीच कळलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, एवढं सोडून सगळं त्या शहाण्याला ठाऊक असावं.

आजचा रुग्ण शिंपी होता. सगळे त्याला मास्टर म्हणत. बायको बाहेर बाकावर बसली होती. पोटाच्या तपासणीला आलोय, अशी थाप त्यानं तिला मारली होती.

"रोज एक गोळी, ठरलेल्या वेळी," बाईंनी वाचलं. "कधी घ्याल?"

"सकाळी दुकान उघडल्यावर. मशीनला तेल घालायच्या आधी."

बाई खूश झाल्या. एरवी लोक "बघू" म्हणत.

"सुरुवातीला मळमळेल, डोकं दुखेल, झोप उडेल. बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं. मनानं गोळी बंद करायची नाही. अंगावर पुरळ आलं, डोळे पिवळे झाले तर तडक इथं. आणि मघाशी सांगितलं ना, गोळी चुकली तर?"

"आठवेल तेव्हा लगेच घ्यायची. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडायची. दोन एकदम नाही."

शंभरपैकी शंभर. बाईंनी टिकमार्कांची रांग लावली. एकच रकाना उरला.

"गोळ्या ठेवणार कुठे?"

"बायकोच्या कॅल्शियमच्या डबीत," मास्टर अभिमानानं म्हणाला. "कुणाला संशय यायला नको. रोज सकाळी त्यातली एक खिशात टाकून दुकानात न्यायची."

बाईंचं पेन थांबलं.

"ती डबी रोज कोण उघडतं?"

"तीच की." मग त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे तुमची गोळी तिच्या पोटात आणि तिचं कॅल्शियम तुमच्या. वर आजाराला रान मोकळं. वा, मास्टर! मापं घेताना तरी असा घोळ घालत नाही ना?"

मास्टर हसला नाही. बाईंना स्वतःच्या जिभेचा राग आला. त्यांनी कागद बाजूला सारला आणि गोळ्यांची बाटली त्याच्यापुढे ठेवली.

"गोळ्या याच बाटलीत राहतील. आणि तिचीही तपासणी व्हायला हवी. सांगायचं तुम्हीच. हवं तर मी शेजारी बसते."

"गोळी चुकली तर काय करायचं ते तुमच्या कागदात आहे," मास्टर म्हणाला. "माणूस चुकला तर काय करायचं?"

त्यावर कागदात रकाना नव्हता.

तो बाटलीचं झाकण चाचपत राहिला. मग उठला, दार अर्धं उघडून म्हणाला, "अगं, जरा आत ये."

ती पिशवी सावरत आली, टेबलावरची बाटली पाहिली आणि बसायच्या आधीच बाईंना म्हणाली, "पोटाच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते मलाच सांगा, मॅडम. यांच्या काही लक्षात राहत नाही. मी देईन रोज आठवणीनं."