पिवळी पास झाली

पिपेट नापास व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेली बाई त्या प्रयोगशाळेत याआधी कोणी पाहिली नसेल. पण ताईची अवस्था अगदी तशीच होती.

ताई म्हणजे त्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतली सर्वांत जुनी संशोधक. वयाने फार मोठी नव्हे, पण बाकीचे येत गेले, पदव्या घेऊन जात गेले आणि ही राहिली, म्हणून सगळे तिला ताई म्हणत. घरी मात्र ती अजून 'छोटी' होती. थोरला भाऊ, वहिनी आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आई, असं घर. दिवसा आईचं वहिनी बघायची, रात्र ताईकडे. आईला दर काही तासांनी कुशीवर वळवायला लागे. वळवताना आई कण्हायची आणि मग 'झोप गं तू' म्हणायची. झोप म्हटलं की झोप येत असती तर जगात आणखी काय हवं होतं!

पिवळी म्हणजे ताईची पिपेट, द्रव मोजून उचलायची आणि सोडायची हातातली नळी. वीस मायक्रोलिटरची, डोक्यावर पिवळं बटण असलेली, म्हणून पिवळी. वीस मायक्रोलिटर म्हणजे नळातून गळणाऱ्या एका थेंबाएवढंही नाही. त्या थेंबात औषध भरायचं आणि शहाण्णव खळ्यांच्या प्लेटमधल्या पेशींवर सोडायचं, मग दुसरी प्लेट, मग तिसरी. ताईचं सगळं संशोधन अशा थेंबांवर उभं होतं. औषधाने पडणारा फरक होता दोन-तीन टक्क्यांचा. एवढ्याशा फरकासाठी थेंब चोख लागतो, नाहीतर औषधाचा गुण कोणता आणि हाताचा अवगुण कोणता ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

आणि तिथेच माशी शिंकली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने, जिला ताई लाडाने शेजारीण म्हणायची, ताईची एक प्लेट खातरजमा म्हणून पुन्हा करून बघितली. आकडे जुळले नाहीत. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी दोघींचे आलेख शेजारी शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "आधी पिवळी तपास. ती सरसकट कमी सोडत असेल, तर प्रश्नच मिटला. एका गुणाकाराने सगळे आकडे दुरुस्त करू आणि पेपर पाठवून देऊ. पण ती बरोबर निघाली, तर मग अवघड आहे."

अवघड म्हणजे काय, ते सरांनी सांगितलं नाही, ताईने विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं. सगळ्या प्लेट पुन्हा. म्हणून देव पाण्यात.

वजनखोली दालनाच्या टोकाला होती. खिडकी नाही, पंखा नाही, दार उघडताना आधी श्वास आवरावा अशी खोली. जाड दगडी ओट्यावर काचेच्या पेटीत तराजू बसलेला. पिवळी, तिच्या तोंडाला लावायची प्लास्टिकची नवी टोकं आणि गाळलेलं शुद्ध पाणी ताईने सकाळीच तिथे आणून ठेवलं होतं, म्हणजे सगळं खोलीच्या तापमानाला आलं असेल. काम तसं साधं. पिपेटने पाणी उचलायचं, तराजूतल्या चिमुकल्या भांड्यात सोडायचं, वजन बघायचं. एक मायक्रोलिटर पाणी भरतं जवळजवळ एक मिलिग्रॅम. 'जवळजवळ'मध्ये जे थोडं कमी पडतं ते तापमान आणि हवेचा दाब बघून तक्त्यातल्या आकड्याने भरून काढायचं. असं दहा वेळा. दहांची सरासरी एकोणीस पूर्णांक आठ ते वीस पूर्णांक दोनच्या आत हवी, आणि दहा आकड्यांचं आपसातलं विचलन एकदशांशाच्या वर जाता कामा नये. दोन्ही जमलं तर पिपेट पास.

ताई बसली. दहा थेंब सोडले. सरासरी आली एकोणीस पूर्णांक चोपन्न.

नापास. ताईला इतका आनंद झाला की आपण हसतोय हे तिला काचेत स्वतःचं तोंड दिसल्यावर कळलं. पिवळे, तू कमीच सोडत होतीस गं, माझे बाई.

ती तशीच उठून सरांकडे निघाली होती, तेवढ्यात शेजारीण आपली बाटली घ्यायला आत आली. तिने आकडा बघितला, मग तराजूच्या पेटीत वाकून बघितलं. "ताई, खाच कोरडी आहे."

भांड्याभोवती एक गोल खाच असते. तिच्यात पाणी भरून ठेवायचं, म्हणजे भांड्याभोवतीची हवा ओलसर राहते आणि वजन होईतो थेंब उडून जात नाही. खाच ठणठणीत कोरडी होती. ताईने खाचेकडे बघून मान हलवली. रोज दहा गोष्टी विसरणारी अकरावी विसरली, एवढंच.

"म्हणजे थोडं पाणी पिवळीने खाल्लं आणि थोडं हवेने," शेजारीण म्हणाली. "हा आकडा सरांना दाखवू नकोस. पहिल्याच प्रश्नात धरतील तुला."

"धरू देत. कोणीतरी धरून निजवलं तर बरंच होईल," ताई म्हणाली, पण बसली.

खाच भरली. पेटी बंद करून आतली हवा दमट होईपर्यंत दोघी बसून राहिल्या. मग ताईने थेंब न सोडताच सगळी फेरी केली. झाकण उघडायचं, हात नेहमीएवढाच वेळ आत न्यायचा, झाकण लावायचं, वजन बघायचं. फेरीत किती पाणी उडतं ते असं कळतं. एका मिलिग्रॅमच्या शंभर भागांतले दोन भाग पाणी उडत होतं. तेवढं प्रत्येक थेंबात मिळवायचं. पुन्हा दहा थेंब, आणि उडालेलं मिळवून सरासरी आली एकोणीस पूर्णांक अडुसष्ट.

सीमेच्या बाहेरच. ताईचा जीव भांड्यात पडला. हवेने आपला वाटा घेतला होता, पण दोष पिवळीच्या पदरात उरला होता. "बघ. तरी नापास."

शेजारीण मात्र सरासरीकडे बघत नव्हती, दहा आकडे एकेक करून वाचत होती. एक जवळजवळ एकोणीस नव्वद, पुढचा एकोणीस पन्नासच्या आसपास, मग पुन्हा वर, मग पुन्हा खाली. विचलन दीड दशांश. "ताई, पिपेट बिघडली की बहुतेक एकच खोटं पुन्हा पुन्हा बोलते. ही तर मनाला येईल ते बोलतेय."

"आतली रिंग झिजली असेल."

"असेल. मी दहा सोडून बघू?"

नाही म्हणायला कारण नव्हतं. ताई उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. शेजारणीने नवं टोक लावलं, पाण्यात दोन-तीनदा भरून-सोडून ते ओलं करून घेतलं. मग बटण पहिल्या थांब्यापर्यंत दाबून टोक पाण्यात जेमतेम बुडवलं, अंगठा हळूहळू वर सोडला. आणि थांबली. क्षणभरच, पण थांबली. मग टोक बाहेर काढलं.

ताईने तो क्षण बघितला. आपण थांबत नाही. अंगठा सुटला की टोक बाहेर, अंगठा सुटला की टोक बाहेर. पाणी पूर्ण वर चढायच्या आतच. पाणी चढायचं राहतं तिथे हवा शिरते. कधी थोडी, कधी जास्त.

शेजारणीची सरासरी आली एकोणीस पूर्णांक त्र्याण्णव. विचलन अर्धा दशांश. पिवळी दोन्ही परीक्षांत पास, अगदी आरामात.

शेजारणीला जिंकल्यासारखं वाटलं नाही, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. "माझं टोक चांगलं निघालं असेल," ती म्हणाली.

"नाचता येईना अंगण वाकडं," ताई म्हणाली. "सरक, मला बसू दे."

या वेळी ताईने प्रत्येक थेंबाला मनातल्या मनात 'थांब' म्हटलं. आईला कुशीवर वळवताना म्हणायची तसंच, हळू, थांब, आता. दहाच थेंब, पण ते संपेतो तिची मान भरून आली. एकोणीस पूर्णांक एक्याण्णव. पास.

म्हणजे हात शाबूत होता. शिकवलेलं काही विसरला नव्हता. हात फक्त थकला होता, आणि थकलेला माणूस जिथे कोणी बघत नाही तिथे क्षण वाचवतो. प्लेटमागे शहाण्णव क्षण. ताईला स्वतःची लाज वाटली नाही, रागही आला नाही. तिला नुसतं रडू आलं आणि रडायलाही ताकद लागते म्हणून ते तिने पुढे ढकललं.

पिवळीवर पास झाल्याची हिरवी चिठ्ठी लावून दोघी सरांच्या खोलीत गेल्या. ताईने सगळं सांगितलं. कोरडी खाच, पहिला आकडा, दुसरा आकडा, शेजारणीचे दहा थेंब, आपले दहा थेंब. लपवायचं म्हटलं तर सोपं होतं. पिपेट पास, आकडे का जुळले नाहीत देव जाणे, असं म्हणून सुटता आलं असतं. पण त्या प्लेटच्या आधारावर उद्या दुसरं कोणी प्रयोग मांडणार, हे तिला सहन झालं नसतं.

सर ऐकत राहिले. रागावले नाहीत. उलट थोडे सुटल्यासारखे झाले. "मग इतकं वाईट नाही गं. तुझा हात बरोबर आहे, हे आत्ताच सिद्ध झालं. सगळं कशाला परत करायचं? माणूस रोज थकलेला नसतो. तू थकलेली होतीस तेवढे दिवस मला सांग. त्या दिवसांच्या प्लेट काढून टाकू, तेवढ्याच पुन्हा करू. बाकीच्या राहू देत."

शेजारणीने आशेने ताईकडे बघितलं.

ताई आठवू लागली. आईला ताप होता तो आठवडा गेला. त्याच्या आधीचा, वहिनी माहेरी गेली होती तो. त्याच्याही आधी दवाखान्यातले दिवस होते. घरी आणल्यावर आई पहिल्यांदा शांत झोपली होती ती रात्र तिला आठवली, आणि त्या रात्री आपण आईचा श्वास चालू आहे ना, हे बघत जागलो होतो तेही आठवलं.

"सर," ती म्हणाली, "उलटं विचारा. थकलेली नव्हते तो दिवस विचारा."

"बरं. कोणता?"

ताईला एकही सांगता आला नाही.