दंडावरचे फुगे

तलावावरची मुलं तिला ताई म्हणत. ताई पोहायला शिकवायची, पण गेल्या हंगामात ती एकदाही पाण्यात उतरली नव्हती. हातात लांब बांबू घेऊन काठावरून शिकवायची.

"पाय ताठ! गुडघे कशाला वाकवताय, सायकल चालवताय का?"

आवाज पूर्वीसारखाच खणखणीत. पण मुलांच्या नजरेतून काही सुटतं का? एका मुलीनं विचारलंच, "ताई, तुम्हाला पोहता येतं ना?"

सगळे हसले. ताईसुद्धा हसली. घरी जाऊन मात्र तिला जेवण गेलं नाही.

झालं होतं असं. त्याच्या आदल्या हंगामात एकदा ती पाण्याखाली बुडी मारून मुलांना बुडबुडे कसे सोडायचे ते दाखवत होती. वर आली आणि छातीत एक ठोका चुकल्यासारखा वाटला. पुढचे ठोके धाडधाड पडू लागले. बोटांना मुंग्या आल्या, काठ गोल फिरू लागला. तिच्या मनात एकच वाक्य आलं, 'हा हार्ट अटॅक.' ते वाक्य आलं आणि धडधड दुप्पट झाली. धडधड वाढली म्हणून वाक्य खरं वाटू लागलं. दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत होतं. पण नंतर तेच घरी, जिन्यात, बाजारात होऊ लागलं. मग तिनं जिना टाळला, चहा सोडला, आणि पाणी तर सोडलंच.

आता नवीन हंगाम तोंडावर आला होता. अगदी लहान मुलांचा वर्ग तिनंच सुरू केलेला. त्या वर्गाला शिकवणारा पाण्यातच लागतो; गेल्या हंगामात एका मदतनिसावर कसंबसं निभावलं होतं. व्यवस्थापक भला माणूस, पण त्यानं स्पष्ट सांगितलं, "ताई, पाण्यात उतरणार असाल तर वर्ग तुमचा. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच तिला एका मानसोपचाराच्या मॅडमकडे पाठवलं होतं. लहानशी खोली, दोन खुर्च्या, त्यातली एक गोल फिरणारी. मॅडमनी पहिल्याच दिवशी कागदावर एक वर्तुळ काढलं: धडधड, मग भीतीचा विचार, मग आणखी धडधड.

"धडधड खरीच असते," मॅडम म्हणाल्या. "तिचा अर्थ तुम्ही चुकीचा लावता. तो अर्थ तपासायचा तर धडधड मुद्दाम आणून बघावी लागेल."

"मुद्दाम?" ताईनं डोळे विस्फारले. "आगीतून फुफाट्यात जायला सांगताय की काय!"

"नाही. फुफाटा खरंच भाजतो का, ते बघायला सांगतेय."

मग प्रयोग सुरू झाले. जागच्या जागी धावायचं. खुर्चीत गरगर फिरायचं. नाक चिमटीत धरून बारीक नळीतून श्वास घ्यायचा. भराभरा खोल श्वास घ्यायचे, म्हणजे चक्कर येते आणि मुंग्या येतात.

"हा शेवटचा प्रयोग पाण्यात किंवा पाण्याच्या काठाशी कधीच करायचा नाही," मॅडम म्हणाल्या.

"ते मला सांगू नका," ताई म्हणाली. "असे श्वास घेऊन कुणी बुडी मारली तर शुद्ध हरपते. असं करताना दिसला की मी त्याला कान धरून बाहेर काढते."

प्रत्येक प्रयोगाआधी मॅडम विचारत, "काय होईल असं वाटतं?" ताई म्हणे, "बेशुद्ध पडेन." मग प्रयोग. मग, "काय झालं?" बेशुद्ध ती एकदाही पडली नाही. डोकं हलकं झालं, घाम आला, आणि थोड्या वेळानं सगळं आपोआप ओसरलं.

तरीही एक कोडं सुटत नव्हतं. खोलीत सगळे प्रयोग पार पडत, घरी ती नेमानं सराव करी, आणि भीती होती तिथेच. तलावाच्या पायऱ्या दिसल्या की पाय मागे.

"दगडावर पाणी ओततोय बघा आपण," ती एके दिवशी म्हणाली.

मॅडमनाही नवल वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आज पुन्हा धावा. मी नुसती बघते."

ताई धावली. घामाघूम झाली. मॅडम बघत राहिल्या. मग बोलल्या ते भलतंच.

"मला स्वतःला पोहता येत नाही. लहान मुलांना तुम्ही शिकवता कसं?"

ताईचा चेहरा खुलला. "आधी दंडावर हवेचे फुगे बांधायचे. पण फार दिवस नाही! पालकांना वाटतं, राहू द्या, पोर सुखात आहे. पण फुगे ठेवले तर मूल काय शिकतं? 'फुग्यांनी वाचवलं' एवढंच. पाणी आपल्याला उचलतं हे त्याला कळतच नाही. वर्षभर ठेवा, वर्षभर कळणार नाही. म्हणून हवा थोडी थोडी कमी करायची, आणि एक दिवस..."

ती थांबली. मॅडम तिच्या मनगटाकडे बघत होत्या.

मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ होतं. पहिल्या झटक्यानंतर घेतलेलं. धावतानाही ती त्याच्याकडे बघत होती. आकडा वाढला की हळूच पाय मंद करायचा, श्वास सावकाश घ्यायचा. आकडा उतरला की मनात म्हणायचं, 'वाचले. वेळेत बघितलं म्हणून.'

"अगं बाई," ताई म्हणाली. "माझे फुगे."

"काढून बघायचे? काय होईल असं वाटतं?"

"आकडा कळला नाही तर धडधड वाढतच जाईल. थांबणारच नाही."

"बघू या."

घड्याळ टेबलाच्या खणात गेलं. ताई धावली, आणि या वेळी पाय मंद केला नाही. धडधड कानात वाजू लागली. हात चारदा मनगटाकडे गेला, रिकामा परत आला. थांबल्यावर ती डोळे उघडे ठेवून उभी राहिली, नव्या मुलाच्या पायांकडे बघावं तशी स्वतःच्या छातीकडे लक्ष देत. धडधड चढली, वर रेंगाळली आणि कुणीही न सांगता उतरू लागली.

"गंमतच आहे," ती म्हणाली. "पुन्हा करू?"

पुढे ती घड्याळाशिवाय जिने चढली, चहा प्यायली, उथळ पाण्यात उभी राहिली. एकदा जिन्यात जोराचा झटका आलाही. ती पायरीवर बसली नाही. चढत राहिली.

हंगामाच्या आदल्या दिवशी तिचा थोरला भाऊ तलावावर आला. तो तिथेच पाणी शुद्ध करण्याचं यंत्र सांभाळायचा.

"उद्या मी तुझ्या शेजारी पाण्यात उभा राहतो. काही झालं तर..."

"दादा, तू फुगा आहेस."

"काय आहे मी?"

"इतका मोठा फुगा आजवर पाहिला नव्हता. जा, तुझं यंत्र बघ. जीवरक्षक आहे काठावर, तो सगळ्यांसाठी असतो."

दादा पोटावर हात फिरवत, पुटपुटत गेला.

दुसऱ्या दिवशी ताई पायऱ्या उतरली. गार पाणी कमरेला लागलं, श्वास अडखळला, छाती धडधडू लागली. समोर काठाला मुलं बिलगलेली. जुन्या मुलांपैकी एका मुलीचे फुगे आज निघायचे होते. तिनं ताईचा हात दोन्ही मुठींत धरला.

"काय वाटतंय?" ताईनं विचारलं.

"पोटात काहीतरी उड्या मारतंय."

"माझ्या छातीत मारतंय."

मुलीनं निरखून पाहिलं. "तुम्हाला पण? मग आता काय होणार?"

"मला माहीत नाही. बघू या."

ताईनं फुगे काढून पोरीला पाठीवर आडवं केलं. पाण्यानं तिला उचललं. बराच वेळ दोघी तशाच राहिल्या, एक तरंगत, एक धडधडत.

मग मुलगी आकाशाकडे बघतच म्हणाली, "ताई, मी सोडलाय हात. तुम्हीच धरलाय."