शाईच्या पाण्यातला थेंब

आपला थेंब गर्दीत ओळखता यावा, म्हणून भिंगरीने वर्गातल्या वाफेच्या प्रयोगाच्या पाण्यात निळी शाई ओतली. बाईंनी ते पाणी पारदर्शक पिशवीत भरलं, पिशवीचं तोंड घट्ट बंद केलं आणि ती वर्गाच्या उन्हाच्या खिडकीला चिकटवली.

दुपारपर्यंत पिशवीच्या आतल्या बाजूला, अगदी वरपर्यंत, थेंब जमले. पण निळा एकही नाही! भिंगरीचा पारा चढला.

“बाई, हे थेंब आपले नाहीतच. कुणीतरी बाहेरून आणून ठेवलेत.”

“बंद पिशवीत? कसे गं?” बाई म्हणाल्या. “उन्हाने पाणी तापलं आणि थोड्या पाण्याची वाफ झाली. ती आपल्याला दिसत नाही. शाईच्या रंगाची काही वाफ होत नाही, तो राहिला खालीच. वाफ वर पिशवीला लागून गार झाली आणि तिचे पुन्हा थेंब झाले. समुद्राचंही तसंच. मीठ खाली राहतं, वाफ उंच जाऊन गार होते, तिचे ढग होतात. म्हणून तर पाऊस खारट नसतो.”

भिंगरीने पिशवीला नाक लावलं. एक थेंब शेजारच्याला मिळाला, जड झाला, घरंगळला आणि टपकन खालच्या पाण्यात पडून निळा झाला.

“अरे, आत्ताच अंघोळ झाली होती ना तुझी!” भिंगरी हुबेहूब आईच्या आवाजात ओरडली.

“ओरडू नकोस त्याला,” बाई म्हणाल्या. “उद्या ऊन आलं की तो पुन्हा करेल. तुझ्यासारखं त्याच्या मागे लागावं लागत नाही.”